टाकी उपसली तरी पाणी वर का येत होतं

आमचं घर कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आहे. इकडे अजून ड्रेनेज लाइन आलेली नाही, त्यामुळे प्रत्येक घराची आपापली सेप्टिक टाकी आणि आपापला शोषखड्डा. घर बांधून पंधराएक वर्षं झाली. गेल्या पावसाळ्यापर्यंत या दोन गोष्टींकडे कुणाला बघावं लागलं नव्हतं.

पहिली खूण दिसली ती खालच्या न्हाणीत. वरच्या मजल्यावर कुणी फ्लश केलं की खालच्या न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज यायचा आणि बुडबुडे निघायचे. पुढे वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की खालच्या संडासाच्या भांड्यातलं पाणी वर चढायला लागलं. ते उतरायचं, पण सावकाश. मग एका सकाळी न्हाणीत काळपट, वास मारणारं पाणी साचलं आणि सासूबाईंना अंघोळीला वर जावं लागलं. त्यांचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. त्या दिवशी मी ठरवलं की याच्या मुळाशी जायचंच.

घाण पाणी घरातल्या सगळ्यात खालच्या जाळीतून बाहेर येतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. एकच भांडं तुंबलं असेल तर अडथळा त्या भांड्याच्या पाइपात असतो. वरच्या मजल्यावरचं पाणी खालच्या न्हाणीतून निघत असेल, तर अडथळा सगळ्या पाइपांच्या पुढे, म्हणजे चेंबर, टाकी किंवा खड्ड्यात असतो. आमचा प्लंबर स्प्रिंग घेऊन आला होता, पण आधी त्यानं घराजवळच्या चेंबरचं झाकण उचललं. चेंबर काठोकाठ भरलं होतं. ते रिकामं असतं तर घरातलाच पाइप तुंबला असं म्हणता आलं असतं. त्यानं स्प्रिंग बाजूला ठेवली आणि सांगितलं, "टाकी बघायला पायजे."

आम्ही मैला उपसणारी गाडी बोलावली. त्या गाडीवरच्या माणसाकडून मी जे शिकले, ते सगळ्यांना माहीत असायला हवं असं मला वाटतं. टाकीचं झाकण उघडल्यावर मी म्हणाले, "गच्च भरली आहे की." तो म्हणाला, "वहिनी, टाकी कायम भरलेलीच असती बघा. पाणी कुठवर आलंय ते बघायचं."

सेप्टिक टाकी वापरात आल्यापासून पाण्यानं भरलेलीच असते. एका बाजूनं जितकं पाणी येतं तितकंच दुसऱ्या बाजूच्या पाइपातून शोषखड्ड्याकडे जातं. तळाशी गाळ बसतो, वर तेलकट साय धरते आणि मधलं त्यातल्या त्यात निवळ पाणी बाहेर पडतं. पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी असेल तर ती बरोबर आहे. पातळी तिथं असूनही घरात पाणी तुंबत असेल तर दोष टाकीच्या अलीकडे आहे. बाहेरचा पाइप पाण्याखाली बुडाला असेल तर दोष टाकीच्या पलीकडे आहे. आमचा पाइप चांगला वीतभर बुडाला होता.

गाळ किती आहे तेही त्यानं दाखवलं. लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून ती हळूच तळापर्यंत सोडली, थोडा वेळ तशीच धरली आणि वर काढली. फडक्याचा खालचा भाग काळाकुट्ट झाला होता. तेवढी गाळाची जाडी. आमच्या टाकीत पाण्याची खोली 4 फूट आहे आणि काळा भाग जवळजवळ दीड फूट होता. गाळ तिसऱ्या हिश्श्याच्या पुढे गेला की टाकी उपसायची वेळ झाली, म्हणजे उपसा हवाच होता. दुखणं मात्र तेवढंच नव्हतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. झाकण उघडल्यावर डोकं आत घालून बघू नका, काडी पेटवू नका आणि कुणालाही आत उतरू देऊ नका, मग तो कितीही सरावलेला असो. आतला वायू दोन श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो आणि वाचवायला उतरलेलाही तिथंच राहतो. माणसाला असं टाकीत उतरवायला 2013 च्या कायद्यानं बंदी आहे. आमच्या गाडीवाल्यानं सगळं काम वरून, नळीनंच केलं.

गाडीनं टाकी खाली करत आणली आणि पातळी पाइपाच्या खाली गेल्यावर खरा प्रकार समोर आला. शोषखड्ड्याकडे जाणाऱ्या पाइपातून पाणी उलटं टाकीत पडायला लागलं. धार बराच वेळ थांबेना. गाडीवाला म्हणाला, "ही टाकी मी आज खाली करतो, पण खड्डा पाणी घेत न्हाई. आठवडाभरात मला परत बोलवाल." तो त्याच्या धंद्याच्या विरुद्ध बोलत होता, म्हणून मला त्याचं जास्तच खरं वाटलं.

मग आमचं घर बांधलेल्या मिस्त्रींना बोलावलं. टाकी आतून 7 बाय 3 फूट, खोली 4 फूट, म्हणजे साधारण 2,400 लिटरची. आम्ही पाच माणसं. संडास, दोन्ही न्हाण्या आणि वॉशिंग मशीन असं सगळं मिळून दिवसाला 500 लिटरच्या आसपास पाणी टाकीत जात होतं. म्हणजे रिकामी टाकी पाइपापर्यंत भरायला चार-पाच दिवस लागणार. उपसल्यावर टाकी आठवड्यात पुन्हा भरली म्हणून गाडीवाल्यानं फसवलं असं लोक म्हणतात, ते या हिशोबानं बरोबर नाही. ती भरणारच. मधल्या काळात शोषखड्ड्यात नवीन पाणी जात नाही, म्हणून त्याची परीक्षा घ्यायला तेच दिवस सगळ्यात चांगले.

मिस्त्रींनी खड्ड्याचं झाकण काढलं. आत दगड भरलेले होते आणि पाणी पाइपाच्या तोंडाशी उभं होतं. रात्री त्यांनी एका काठीवर पाण्याची खूण केली आणि झाकण लावलं. सकाळी पाणी जेमतेम 1 इंच उतरलं होतं. खड्डा 4 फूट व्यासाचा, त्यात 1 इंच म्हणजे 30 लिटरच्या आत. त्यातही दगडांनी जागा व्यापलेली, म्हणजे खरं पाणी दहा-बारा लिटर. घरातून रोज 500 लिटर पाठवायचं आणि खड्डा रात्रभरात बारा लिटर पिणार, तर पाणी न्हाणीत येणारच.

आता प्रश्न असा की खड्डा पाणी का घेत नव्हता. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावरून वाहत होतं, पाऊस थांबत नव्हता आणि जो तो म्हणत होता की जमिनीतच पाणी वर आलंय, पाऊस ओसरेपर्यंत थांबा. नदीकाठच्या सखल भागात ते खरं असतं आणि तिथं भर पावसाळ्यात नवा खड्डा खणूनही उपयोग होत नाही. पण मिस्त्रींनी अंदाजावर न जाता खांबांसाठी खड्डे मारायचं यंत्र आणलं आणि जुन्या खड्ड्यापासून दूर, परसाच्या कोपऱ्यात 8 फूट खोल भोक पाडलं. वरचं तीनेक फूट काळी माती, खाली मुरूम. भोकावर पत्रा झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी तळ कोरडा होता. म्हणजे जमिनीतलं पाणी वर आलेलं नव्हतं.

मग शेजारी मुरूम लागेपर्यंत लहान खड्डा काढला, कडा खरवडल्या, तळाला थोडी खडी टाकली आणि रात्रभर त्यात पाणी ठेवून जमीन मुरवली. सकाळी पुन्हा पाणी भरून घड्याळ लावलं. पाणी 1 इंच उतरायला वीसेक मिनिटं लागली. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालतो. एक तासाहून जास्त लागला तर त्या जमिनीत शोषखड्ड्याचा नाद सोडावा. नुसत्या काळ्या मातीत तेच होतं.

जमीन चांगली होती, म्हणजे जुना खड्डाच बुजला होता. त्याच्या कडेला काळा, बुळबुळीत थर चढला होता. त्याचं कारण टाकीतच सापडलं. बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाला इंग्रजी T च्या आकाराचा एक जोड, म्हणजे टी असतो. त्याचं खालचं टोक पाण्यात बुडालेलं असल्यामुळे वरची साय पाइपात शिरत नाही. आमचा टी तुटून पडला होता, त्यामुळे कित्येक वर्षं सगळी साय सरळ शोषखड्ड्यात जात राहिली. हा थर पावडर टाकून जात नाही. शेजारच्या काकांनी मोठ्या मायेनं जिवाणूंची पाकिटं आणून दिली होती, पण ती टाकीतल्या गाळासाठी असतात. बुजलेली माती त्यांनी मोकळी होत नाही.

आम्ही आधी पाणी कमी केलं. न्हाण्यांचं आणि मशीनचं पाणी वेगळ्या पाइपानं परसातल्या केळी आणि कर्दळीकडे वळवलं. टाकीत आता फक्त संडासांचं पाणी जातं, दिवसाला 200 लिटरच्या आत. नव्या खड्ड्याची जागा ठरवायला वेळ गेला, कारण पिण्याच्या पाण्याच्या बोअरपासून 60 फूट तरी लांब राहायचं होतं. आमचं बोअर पुढे आहे. तीन गुंठ्यांचा प्लॉट 33 बाय 99 फुटांचा, लांबट, म्हणून मागच्या अंगाला सोय झाली. पण शेजारचं बोअरही मोजावं लागलं आणि त्यामुळे मनातला कोपरा सोडून दुसरा धरला.

नवा खड्डा 4 फूट व्यासाचा आणि पाइपाच्या खाली 5 फूट खोल केला. पाणी मुख्यतः कडांमधून मुरतं, म्हणून हिशोब कडांचाच केला. त्या 62 चौरस फूट भरतात. चौरस फुटाला दिवसाला साडेतीन लिटर धरले तरी 217 लिटर मुरतात. आतून सांधे मोकळे सोडून विटांचं बांधकाम केलं, विटा आणि मुरुमाच्या मध्ये खडी भरली. टाकीला नवा टी बसवला. जुना खड्डा बुजवला नाही. दोन्हींच्या आधी एक चेंबर करून पाणी नव्याकडे वळवलं आहे. बरेच महिने कोरडा राहिला तर जुन्यातला थर हळूहळू कुजून कमी होतो आणि गरज पडली तर तोही थोडंफार पाणी घेऊ शकतो.

मिस्त्रींनी नव्या खड्ड्याच्या झाकणातून एक उभा पाइप काढून वर टोपण लावलं आहे. मोठ्या पावसानंतर मी त्यातून काठी सोडून पातळी बघते. पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत येऊन दुसऱ्या दिवशीही तिथंच दिसलं, तर न्हाणीत यायच्या आधी मला कळेल. गाळाची काठी दर उन्हाळ्यात लावायची. ती फडक्यासकट टाकीजवळच्या भिंतीला टांगून ठेवली आहे, आणि कशी बघायची ते मुलालाही दाखवून ठेवलं आहे.