ट्रॅक्टरच्या हप्त्यावरचा दंड: ६५० रुपये परत कसे आले

आमच्या यवतमाळकडे ट्रॅक्टरचा हप्ता सहामाही असतो, कारण पैसा कापूस-सोयाबीन विकल्यावरच हातात येतो. माझा हप्ता ६०,००० रुपयांचा, १५ डिसेंबरचा. कापसाचा चुकारा लांबला आणि भरणा १३ फेब्रुवारीला झाला, म्हणजे ६० दिवस उशिरा. दंड लागणारच होता. तो कितीचा आणि कशावर, हे तपासायला खाते उतारा मागितला.

पूर्वी थकलं की कंपन्या व्याजदरातच दोन-तीन टक्के वाढवायच्या. याला दंडव्याज म्हणत. ते मुद्दलात मिसळलं की त्यावर पुन्हा व्याज. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने हे बंद केलं. नव्या कर्जांना हा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आणि जुन्या कर्जांना त्याच वर्षीच्या ३० जूनपर्यंत लावायचा होता. आता दंड घ्यायचा तो वेगळा आकार म्हणून, फक्त थकलेल्या रकमेवर, आणि त्या आकारावर पुढे व्याज नाही. करारातलं नेहमीचं व्याज मात्र थकलेल्या हप्त्यावर चालू राहतं. इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. 'दंडव्याज बंद झालं' म्हणजे उशिराचं व्याज माफ झालं असं नाही. दंडाला ठरावीक कमाल मर्यादाही नाही. तो वाजवी असावा, एवढंच बंधन आहे.

माझ्या करारात व्याज १४ टक्के आणि दंड आकार वर्षाला २४ टक्के. ६०,००० वर ६० दिवसांचं व्याज १,३८१ रुपये आणि दंड २,३६७ रुपये. उताऱ्यात दोन्ही आकडे बरोबर होते. खाली मात्र आणखी ४२६ रुपये दिसले: दंडावर १८ टक्के जीएसटी. बँका आणि फायनान्स कंपन्या घेतात त्या दंड आकारावर जीएसटी लागत नाही, हे २८ जानेवारी २०२५ च्या केंद्रीय परिपत्रकात स्पष्ट आहे. ही पहिली चूक.

दुसरी चूक उताऱ्यात वर-वर पाहून सापडत नाही. मी ६०,००० भरले. कंपनीने त्यातून आधी १,३८१, २,३६७ आणि ४२६, असे ४,१७४ कापून घेतले, आणि हप्त्यात ५५,८२६ च जमा केले. म्हणजे हप्ता ४,१७४ ने अपुरा राहिला, आणि त्या 'थकबाकी'वर १५ जूनपर्यंत १२२ दिवसांचा आणखी ३३५ रुपये दंड. कागदावर दंडावर दंड नाही, हप्त्याच्या थकबाकीवर आहे. पण ती थकबाकी झाली कशातून? दंड आणि जीएसटीतूनच. शिवाय खातं डिसेंबरपासून थकीतच दिसत राहतं, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये थकलेले दिवस वाढत जातात. माझ्या मते ३३५ रुपयांपेक्षा हेच जास्त महाग.

शाखेतला पोरगा म्हणाला, "काका, सिस्टीमच तशी हाय." सिस्टीमशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. त्यात तीनच गोष्टी मागितल्या: दंडाचा तारीखवार हिशेब, भरणा कोणत्या क्रमाने वळता केला ते सांगणारं करारातलं कलम, आणि जीएसटीचा परतावा. सोबत उताऱ्यातल्या त्या ओळींवर खूण केलेली प्रत जोडली. रक्कम स्वतः काढून लिहिली, म्हणजे समोरच्याला 'बघतो' म्हणायला जागा राहत नाही.

एक जागा मी सोडली. १,३८१ हे व्याज होतं, दंड नव्हे. त्याच्या उशिरावर कंपनीने लावलेले १११ रुपये वादाचे आहेत, ते मागितले नाहीत. उरलेले २२४ आणि जीएसटीचे ४२६, असे ६५० रुपये खात्यात उलटे जमा झाले, आणि फेब्रुवारीचा भरणा आधी हप्त्यात धरून थकबाकीची नोंद दुरुस्त झाली. तीस दिवसांत उत्तर आलं नसतं किंवा पटलं नसतं, तर पुढचा मार्ग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा: cms.rbi.org.in वर तक्रार, माहितीसाठी १४४४८.

आता उशिरा भरताना मी हप्ता आणि दंड यांची वेगळी पावती मागतो. दंडाचे पैसे नसतील तर निदान हप्ता तरी पूर्ण जमा दिसावा. हे सगळं व्यापारी आणि ग्रामीण बँका, नागरी सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्यांपुरतं. गावातल्या पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचं हे परिपत्रक चालत नाही. तिथली तक्रार तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे न्यावी लागते.