ताजा कलमालाच उत्तरं आली

मोजमापाची साधनं अचूक आहेत का ते तपासणाऱ्या भोसरीतल्या एका कॅलिब्रेशन लॅबसाठी मी नवी गिऱ्हाइकं शोधतो. म्हणजे चाकण-तळेगावच्या कारखान्यांतल्या क्वालिटी मॅनेजरना मेल पाठवायचे, ज्यांनी आमचं नावही ऐकलेलं नसतं. त्या सोमवारी इनबॉक्स उघडला तर एकदम तीन उत्तरं! एरवी आठवड्यात एखादं आलं तरी नशीब. खुशीत चहा मागवला, पण उत्तरं वाचता वाचता तो तसाच गार झाला.

मेलमध्ये माझी मागणी एकच होती: पुढच्या महिन्यात ज्या व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेजचं कॅलिब्रेशन ड्यू आहे त्यांची यादी पाठवा, दर कळवतो. नावाखाली मात्र ताजा कलम टाकला होता, 'आम्ही ऑपरेटरना मोजमापाचं प्रशिक्षणही देतो.' तिघांनीही प्रशिक्षणाची फी विचारली. यादी एकाचीही नाही. फी कळवली आणि तिघेही गप्प.

सरांना दाखवलं तर ते हसले. "अरे, यादी काढायची म्हणजे स्टोअरमधून रजिस्टर मागवावं लागतं. फी विचारायला एक ओळ पुरते. तूच सोपी वाट दिलीस."

मी ताजा कलम काढूनच टाकला. मग एकदा फोनवर एक मॅनेजर म्हणाले, "दराचं ठीक आहे हो, पण गेज चार दिवस बाहेर गेले तर लाइनवर काय वापरू?" ही शंका यादी पाठवायचं मनात आल्यावरच येते, आधी नाही. मजकुरात तिचं उत्तर घुसडलं तर मूळ मागणी मागे पडते. नावाखाली ते बरोबर वेळेवर भेटतं. म्हणून तिथे लिहिलं, 'आमची गाडी दर गुरुवारी चाकणला येते. अर्धे गेज या फेरीत, उरलेले पुढच्या.' यातून नवी मागणी निघत नव्हती, पहिलीच सोपी होत होती. त्या खेपेला उत्तरं दोनच आली, पण दोन्हींसोबत यादीची एक्सेल फाइल होती.

जागेचंही भान ठेवावं लागतं. आधी मी तो आपोआप येणाऱ्या सहीच्या खाली टाकायचो. पत्ता, लोगो, गोपनीयतेची सूचना, आणि त्याखाली बिचारा ताजा कलम. तिथवर कोण जातंय? आता नाव, मग ताजा कलम, मग सही. आठवणीच्या मेलमध्ये तोच शब्दशः पुन्हा टाकत नाही, कारण त्याच साखळीत परत आलेला मजकूर जीमेल बऱ्याचदा तीन ठिपक्यांमागे लपवतं. आणि मेलच चार ओळींचा असेल तर सगळंच मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावतं, मग ताजा कलमाकडे वेगळं लक्ष जायचं काही कारण उरत नाही. तेव्हा मी तो टाकतच नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या नव्या पोराने आपलेपणा म्हणून सगळ्याच मेलना जोडलं, 'ता.क. नव्या प्लांटबद्दल अभिनंदन!' संध्याकाळी एका मॅनेजरचं उत्तर आलं: "कुठला प्लांट?"