चाळीस लाखांची जमीन आणि सहा लाखांची नड

डिसेंबर २०२३. आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आणि रुग्णालयाने सहा लाखांचा अंदाज दिला. मी घाबरलो नाही. गावाकडे दोन एकर जिरायत होती, बाजारभावाने सहज चाळीस लाखांची. गिऱ्हाईकही चौथ्या दिवशी दारात आलं.

त्याने सातबारा मागितला, आणि घोडं तिथेच अडलं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती, पण उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव होतं. वारस नोंद करू-करू म्हणत आम्हीच राहू दिली होती. तलाठ्याकडे मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन गेलो, तर सातबाऱ्यावर वडिलांचं घरातलं नाव, दाखल्यावर कागदोपत्री नाव. दोन्ही नावं एकाच माणसाची, हे प्रतिज्ञापत्र करा म्हणाले. ते केलं, तर त्यावर बहिणीचीही सही हवी. ती सुरतला. आईही वारस, आणि ती अतिदक्षता विभागात. सगळं जमवून फेरफार धरला गेला, मग हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस. ती संपली, तर मंडळ अधिकाऱ्यांची बदली झालेली. नवे साहेब येईपर्यंत मी पाच खेपा घातल्या. प्रत्येक खेपेला एकच उत्तर, "पुढच्या आठवड्यात या." आजही त्या कार्यालयाचा जिना आठवला की माझं डोकं तापतं.

गिऱ्हाईक म्हणालं, आत्ता साठेखत करा, सव्वीस लाख देतो, नोंदीची जोखीम माझी. चौदा लाखांचा फरक फक्त घाईचा होता! शेतजमीन साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते, त्यामुळे घेणारेही मोजकेच असतात, आणि आमची नड गावभर झाली होती. बारा गुंठे विकले असते तरी भागलं असतं, पण तुकडेबंदीमुळे आमच्याकडे जिरायतीचा वीस गुंठ्यांहून लहान तुकडा विकता येत नव्हता.

शेवटी कामाला आले ते आईचे दागिने. सहकारी बँकेच्या सराफाने खडे वजा करून शंभर ग्रॅम भरवले, आणि तेव्हाच्या पंच्याहत्तर टक्क्यांच्या मर्यादेने सव्वाचार लाख दोन तासांत खात्यावर आले. दोन लाखांची मुदत ठेव त्याच दिवशी मोडली. व्याज एक टक्का कमी मिळालं, एवढंच. दागिने नेताना खरेदीच्या पावत्या सोबत घ्या, माझा त्यात अर्धा तास गेला.

आता सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम मी ठेवीतच ठेवतो, आणि एकच मोठी पावती न करता पन्नास-पन्नास हजारांच्या करतो, म्हणजे लागेल तेवढीच मोडता येते. आणि हो, घरातल्या मोठ्यांचं सातबाऱ्यावरचं नाव आधार कार्डाशी जुळतं का, हे ते धडधाकट असतानाच पाहून घ्या.

आमची नोंद सदुसष्टाव्या दिवशी मंजूर झाली. आई अकराव्या दिवशीच घरी आली होती.