सात सेंटिमीटरची स्लाइड

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका सीए ऑफिसात मी प्रोजेक्ट रिपोर्ट आणि पीपीटी करते. काटोलकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीला संत्र्याचं ग्रेडिंग-वॅक्सिंग युनिट टाकायचं होतं आणि त्याची पीपीटी बाहेरच्या एका सल्लागाराकडून तयार होऊन आमच्याकडे आली. आकडे तपासायचे आणि संचालकांची संमती घ्यायची, एवढंच आमचं काम. पीपीटी दिसायला देखणी होती. मी ती पीडीएफ करून संचालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, तर एका संचालकांचा लगेच फोन आला. ते कळमन्याच्या मार्केट यार्डात माल उतरवून घेत उभे होते. म्हणाले, "ताई, भाव तर लय चांगला भेटून राहिला म्हणता तुम्ही. पण एवढा भाव आपल्याला कोणत्या वर्षी भेटला?"

भेटला नव्हताच. ते ज्या रेषेबद्दल बोलत होते ती पुढच्या वर्षांच्या अंदाजाची होती. आलेखात झालेले भाव सलग रेषेनं आणि अंदाजी भाव ठिपक्यांच्या रेषेनं दाखवले होते. संगणकावर हा फरक स्पष्ट दिसत होता. त्यांच्या फोनवर दोन्ही रेषा जोडून एकच झाल्या होत्या आणि युनिट नसतानाच भाव चढल्यासारखा वाटत होता. अक्षर बारीक असेल तर माणूस डोळे बारीक करतो, बोटांनी मोठं करतो. पण ठिपक्यांची रेषा सलग दिसली तर काही चुकतंय अशी शंकासुद्धा येत नाही. म्हणून तपासणी मी तिथूनच सुरू केली.

आधी पट्टी घेतली. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ३३.८७ सेंटिमीटर रुंद असते. फोन उभा धरला की पडद्याची रुंदी जेमतेम ७ सेंटिमीटर भरते, म्हणजे स्लाइड साधारण एक पंचमांश होते. १८ पॉइंटचं अक्षर साडेतीन-पावणेचार पॉइंटचं आणि १२ पॉइंटचं अडीच पॉइंटचं होतं. वर्तमानपत्राचा मजकूर नऊच्या आसपास असतो, यावरून अंदाज यावा. फोन आडवा केला तर स्लाइड एक तृतीयांशाहून थोडी मोठी दिसते आणि बरंच सुधारतं. पण एका हातात पिशवी असलेला माणूस फोन आडवा करत नाही, आणि अनेकांनी ऑटो-रोटेट बंदच ठेवलेलं असतं. म्हणून मी उभाच फोन धरून चालले.

आता ठिपके. ती रेषा दीड पॉइंट जाडीची होती. पॉवरपॉइंटच्या गोल ठिपक्यांच्या नमुन्यात ठिपका आणि मधली जागा दोन्ही रेषेच्या जाडीइतकीच असतात. दीड पॉइंट म्हणजे अर्धा मिलिमीटर. त्याचा पाचवा भाग ०.१ मिलिमीटर. हातभर अंतरावर धरलेल्या फोनवर निरोगी डोळ्याला दोन गोष्टी वेगळ्या दिसण्याची हद्दही जवळपास तेवढीच आहे. म्हणजे फोन कितीही भारी घेतला तरी ते ठिपके सुटे दिसणं कठीणच. स्वस्त फोनवर, जिथे पडदा ७२० पिक्सेल रुंद असतो, एका ठिपक्याच्या वाट्याला पिक्सेल-सव्वा पिक्सेल येतो. मग ठिपका आणि मोकळी जागा मिसळून एक फिकट सलग पट्टा तयार होतो. त्या संचालकांना दिसला तो हाच.

आलेखातल्या आडव्या रेषा तर उरल्याच नव्हत्या. पॉवरपॉइंट आलेख टाकला की या रेषा आपोआप पाऊण पॉइंटच्या आणि फिकट राखाडी येतात. रंगाचा कोड `#D9D9D9`. ७२० पिक्सेलच्या पडद्यावर त्यांची जाडी अर्ध्या पिक्सेलच्या थोडी वर भरते. अर्धा पिक्सेल काही उजळत नाही, म्हणून फोन पूर्ण पिक्सेल घेऊन तो अर्ध्या जोरानं रंगवतो. मुळात फिकट असलेला राखाडी रंग अर्धा केला की पांढराच झाला म्हणायचा. आमच्या ऑफिसात हे कुणालाच दिसलं नसतं, कारण संगणकावरच्या अॅक्रोबॅटमध्ये `Enhance thin lines` नावाची खूण आधीपासून लावलेली असते आणि ती बारीक रेषा मुद्दाम जाड करून दाखवते. पीडीएफ संगणकावर उघडून बघणं, ही या बाबतीत तपासणी नव्हेच.

ऑफिसात टेबलावर बसून फोन पाहणंही पुरेसं नसतं, म्हणून मी पीडीएफ स्वतःलाच पाठवली, आमच्या शिपायाचा साधा फोन मागून घेतला आणि सीताबर्डीहून खापरीच्या गाडीत बसले. आपली मेट्रो बहुतेक सगळी पुलावरून जाते, त्यामुळे डब्यात ऊन भरपूर. अजनी चौक सोडून गाडी पुढे निघाली की खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येतं. उन्हाचं प्रतिबिंब पांढऱ्यावरही पडतं आणि काळ्यावरही, त्यामुळे काळं राखाडी होतं आणि राखाडी गायब होतं. नियम एकच ठेवला: बोटांनी मोठं करायचं नाही, प्रत्येक स्लाइड एक श्वासभर बघायची आणि काय वाचलं ते वहीत लिहायचं. घरी येऊन वही मूळ पीपीटीशी ताडून पाहायची. ही वही फार कामाची ठरली, कारण जे आपल्याला आधीपासून माहीत असतं ते डोळा न वाचताच "वाचलं" म्हणतो. शक्य असेल तर हे काम पीपीटी न पाहिलेल्या माणसाकडून करवून घ्यावं. मी पुढच्या वेळी शिपायालाच सोबत नेलं.

वहीतून आणखी एक गोष्ट निघाली. एका तक्त्यात वाहतुकीतली घट २.५ टक्के अशी होती. शिपायानं २५ लिहिलं. दशांशाचा ठिपका हा पानावरचा सगळ्यात लहान आकार, तो आधी जातो. मराठीत पाठोपाठ अनुस्वार जातो, मग रफार आणि ऱ्हस्व उकार. शिवाय देवनागरी अंकात १ आणि ९ लहान आकारात सारखेच दिसतात. त्याच पॉइंटला देवनागरी इंग्रजीपेक्षा बारीक वाटते, कारण वरच्या-खालच्या मात्रांना जागा ठेवावी लागते आणि मूळ अक्षर आक्रसतं. त्यातही फॉन्टाफॉन्टात फरक आहे. कोकिळा हा फॉन्ट त्याच पॉइंटला मंगलपेक्षा स्पष्ट लहान दिसतो, आणि सल्लागारानं तळटीपा नेमक्या कोकिळात टाकल्या होत्या.

दुरुस्ती आलेखापासूनच केली. अंदाजाची रेषा ठिपक्यांची ठेवलीच नाही. झालेले भाव साडेचार पॉइंटच्या गडद सलग रेषेनं काढले, अंदाजाच्या वर्षांमागे फिकट पण रुंद पट्टा टाकला आणि त्या पट्ट्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: अंदाज. पट्ट्याचा रंग उन्हात गेला तरी शब्द राहतो, आणि शब्द चुकून कुणी वाचला नाही तरी तिथून रेषेचा रंग बदलतो. अंबिया आणि मृग या दोन बहरांची नावं कोपऱ्यातल्या चौकटीतून काढून थेट रेषेच्या टोकाला लिहिली. कोपऱ्यातली चौकट वाचून परत रेषेकडे यायचं म्हणजे एवढ्याशा चित्रात रंग लक्षात ठेवायचा, ते जमत नाही. आडव्या रेषा पुसून टाकल्या आणि ज्या दोन-तीन भावांवर सगळं ठरणार होतं ते आकडेच बिंदूंशेजारी लिहिले. सल्लागाराच्या माणसाला ते आवडलं नाही. "मॅडम, आलेख रिकामा रिकामा वाटतो," तो म्हणाला. मी त्याला फोनवरच दाखवला, तेव्हा ऐकलं.

अक्षरांसाठी मी खालची हद्द २४ पॉइंट ठेवली, तीही फक्त आलेखातल्या लेबलांसाठी. मजकूर २८ आणि निर्णयाचे आकडे ४० च्या वर. २४ पॉइंट उभ्या फोनवर पाच पॉइंट होतात. वाचता येतात, पण सुखानं नाही, हे मान्य. फिकट राखाडी अक्षरं `#767676` पेक्षा फिकट राहू दिली नाहीत. पांढऱ्यावर तो रंग ४.५ ला १ एवढा उठाव देतो आणि सुगम्यतेच्या नियमांत साध्या मजकुरासाठी तीच किमान मर्यादा आहे. उन्हासाठी मात्र तीही कमीच पडते, म्हणून आकडे सरळ काळेच केले. दशांश शक्य तिथे काढले: "२.५ टक्के" ऐवजी "१,००० किलोत २५ किलो". लांब झालं, पण आता ठिपका गेला तरी अर्थ बदलत नाही.

स्लाइडचा आकारच बदलावा का, यावर ऑफिसात चर्चा झाली. पान ए-फोर उभं केलं तर रुंदी २१ सेंटिमीटरच उरते, म्हणून तेच १८ पॉइंट उभ्या फोनवर सहा पॉइंट दिसतात. फोनसाठी हे निर्विवाद चांगलं. पण हीच पीपीटी पुढे बँकेत प्रोजेक्टरवर जायची होती आणि तिथे उभ्या पानाच्या दोन्ही बाजूंना काळी मोकळी जागा उरते. दोन आवृत्त्या ठेवायच्या तर आकडे एकीत बदलून दुसरीत राहून जाण्याची भीती, आणि आमच्याकडे आकडे शेवटच्या रात्रीपर्यंत बदलतात. मी रुंद स्लाइडच ठेवली आणि गर्दीच्या स्लाइडचे दोन भाग केले. आकडे स्थिर असते तर मी उभी आवृत्ती वेगळी केली असती.

पाठवताना स्लाइडचे फोटो काढून नाही, तर पीडीएफ कागदपत्र म्हणून पाठवली. फोटो व्हॉट्सअॅप दाबून लहान करतं आणि बारीक रेषा-अक्षरांच्या कडा आणखी विरतात. मूळ पीपीटीही पाठवू नये, कारण समोरच्याच्या फोनवर मंगल नसेल तर फोन दुसरा फॉन्ट लावतो आणि ओळी चौकटीबाहेर जातात. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो.

नवी पीपीटी गेल्यावर त्याच संचालकांचा परत फोन आला, यावेळी काटोलच्या एसटीतून. "ताई, हा अंदाज कोणत्या भावावर धरला? वॅक्सिंगचा खर्च वजा केला का?" खर्च वजा केलेला नव्हता. तो प्रश्न मी सल्लागाराकडे पाठवला आणि अंदाजाची रेषा खाली आली.

एक स्लाइड शेवटपर्यंत जमली नाही. यंत्रसामग्रीचा खर्च आणि कर्जफेडीचा वर्षवार तक्ता मिळून अकरा रकाने होते. उभ्या फोनवर एका रकान्याला सहा-साडेसहा मिलिमीटर जागा मिळते, त्यात लाखांचे आकडे कसेही बसत नाहीत. तो तक्ता पीपीटीतून काढला, त्याजागी एकूण खर्च, कर्ज आणि वर्षाचा हप्ता असे तीनच आकडे ठेवले, आणि मूळ तक्ता एक्सेलमध्ये बँकेच्या अधिकाऱ्याला वेगळा पाठवला. तो संगणकावरच बघणार होता.