तुळईच्या टोकाला सरकलेला एक मिलिमीटर

इतवारीतल्या एका धान्य व्यापाऱ्याच्या जुन्या घरात माळ्याच्या तुळया वाकल्या म्हणून मला बोलावलं होतं. खाली दुकान आणि वर पोत्यांचा माळा. माळ्याखाली सागाच्या पाच पोकळ तुळया भिंतीतल्या दगडी तोड्यांवर टेकलेल्या होत्या. चार मीटरचा अखंड जाड सोट मिळाला नाही, मिळाला तोही परवडला नाही, म्हणून लकडगंजातून जुन्या वाड्याच्या फळ्या आणून मिस्त्रींनी चौकोनी पेट्या ठोकून घेतल्या होत्या. प्रत्येक पेटीत २०० मिलिमीटर उंच आणि ४० जाड अशा दोन उभ्या फळ्या आणि त्यांच्यावर-खाली १५० रुंद आणि ४० जाड अशा दोन आडव्या फळ्या. त्यामुळे पूर्ण उंची २८० मिलिमीटर. लाकूड उत्तम होतं. इतका पिकलेला साग आता सहज बघायला मिळत नाही.

मालकांचं म्हणणं होतं की नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली लाकूड तापून वाकलं. मिस्त्री म्हणत होते की पोती जास्त भरली. मी आधी भार मोजला. एका तुळईवर ५० किलोची वीस पोती, म्हणजे साधारण एक टन, आणि तो चार मीटरवर सारखा पसरलेला. मीटरला अडीच किलोन्यूटन. या भाराने मधोमध ५ किलोन्यूटन-मीटर बेंडिंग मोमेंट, म्हणजे वाकवणारा जोर, येतो आणि त्यातून सागावर येणारा ताण निघतो जेमतेम ३ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. साग याच्या कितीतरी पट सोसतो. म्हणजे भारही जास्त नव्हता आणि लाकूडही कमी पडलं नव्हतं.

मग मी एक तुळई रिकामी करायला लावली. आधी टोकापासून टोकापर्यंत खालून सूत ताणलं, मधलं अंतर मोजलं, पोती काढल्यावर पुन्हा मोजलं. तुळई ९ मिलिमीटर वर आली. हा आकडा मला फार बोलका वाटला. चारही फळ्या एकजीव असत्या तर तेवढ्या भाराला ती चारएक मिलिमीटरच वाकली असती. चारही फळ्या एकमेकींशी काहीही न बांधता नुसत्या एकीवर एक ठेवल्या असत्या तर पंधरा. नऊ म्हणजे ना धड इकडे ना धड तिकडे. फळ्या एकमेकींवरून सरकत होत्या. शिवाय उन्हाने वाकलेलं लाकूड पोती काढल्यावर परत वर येत नाही.

सरकणं शोधायचं तर टोकाला बघायचं, मध्यभागी नाही. मिस्त्रींनी पेटी ठोकून झाल्यावर दोन्ही टोकं करवतीने एका रेषेत कापली होती, त्यामुळे माझं काम सोपं झालं. दुसऱ्या, अजून भरलेल्या तुळईच्या टोकाला गुण्या लावला. वरची फळी उभ्या फळ्यांच्या बाहेर एखाद मिलिमीटर आली होती आणि खालची तेवढीच आत गेली होती. दुसऱ्या टोकाला हुबेहूब तेच. लाकूड पिळलं असतं तर दोन टोकं वेगवेगळी दिसली असती. मध्यभागी सांध्यावर मात्र काहीच हललेलं नव्हतं.

आता खिळे बघितले. चार इंची, ४ मिलिमीटर जाडीचे, वरच्या फळीतून उभ्या फळीच्या कडेत ठोकलेले, दोन बाजूंना एकेक ओळ. मध्यापासून दोन्हीकडे दोन-सव्वादोन फुटांपर्यंत दर तीन इंचांवर एक. तिथून टोकांपर्यंत दर नऊ इंचांवर एक. मी मिस्त्रींना विचारलं, असं का? त्यांचं उत्तर सरळ होतं.

“काहून म्हणजे? वाकते ते मधातच न, ताई. जोर मधात येते, म्हणून खिळे मधात जास्त देल्ले.”

त्यांचा विचार चुकीच्या गोष्टीला लागू होत होता, पण विचार होता. वाकवणारा जोर मध्यात सर्वात जास्त असतो हे खरंच आहे. खिळ्यांचं काम मात्र त्या जोराशी थेट नसतं. मालकांच्या गल्ल्यावर जाडजूड रोकडवही होती. ती मी दोन्ही हातांत धरून मधे वाकवली आणि त्यांना पानांच्या कडा दाखवल्या. टोकाला पानं एकमेकांवरून सरकून उतरती झाली होती, मध्ये जशीच्या तशी होती. “आता ही पानं सरकू नयेत म्हणून टाचणी कुठे माराल?” त्यांनी बोट टोकावर ठेवलं.

वहीने जागा कळते, अंतर कळत नाही. अंतरासाठी शिअर फ्लो काढावा लागतो, म्हणजे आडवी फळी आणि उभी फळी यांच्या सांध्यावर तुळईच्या लांबीच्या दर मिलिमीटरला किती बल सरकवू पाहतं. सूत्र छोटं आहे:

q = VQ/I

यात V म्हणजे त्या जागेवरचा शिअर, तुळईला उभं कापू पाहणारं बल. सारख्या पसरलेल्या भारात तो टेकूपाशी सर्वात जास्त, इथे ५ किलोन्यूटन, आणि मध्यात शून्य. I म्हणजे पूर्ण पेटीचा मोमेंट ऑफ इनर्शिया, तिचा आकार वाकण्याला किती विरोध करतो ते सांगणारा आकडा. बाहेरच्या चौकोनातून आतली पोकळी वजा केली की २२.८ कोटी मिमी⁴ येतो. Q मध्ये लोक सर्वात जास्त गडबड करतात. खिळे ज्या तुकड्याला धरून ठेवतात फक्त त्या तुकड्याचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि त्याला त्याच्या मध्यापासून पूर्ण पेटीच्या मध्यापर्यंतच्या अंतराने गुणायचं. इथे तो तुकडा म्हणजे वरची फळी: १५० गुणिले ४० गुणिले १२०, म्हणजे ७,२०,००० मिमी³. उभ्या फळ्यांचा वरचा अर्धा भाग यात धरायचा नाही, कारण खिळे त्याला जोडत नाहीत, तो आधीच अखंड लाकडात आहे. तो धरला तर मध्यरेषेवरचा लाकडातला शिअर निघेल, खिळ्यांवरचा नाही.

आकडे घातले की टोकाशी q येतो १५.८ न्यूटन प्रति मिलिमीटर. फळी दोन ओळींनी धरलेली आहे, म्हणून एका जागी दोन खिळे वाटून घेतात. या सागात असा एक खिळा ५०० न्यूटन निभावतो असं मी धरलं. दोन खिळ्यांचे १००० भागिले १५.८, म्हणजे ६३ मिलिमीटर. टोकाशी अडीच इंचांच्या आत एक खिळा हवा होता आणि तिथे नऊ इंचांवर होता. हिशेबाने तिथल्या प्रत्येक खिळ्यावर १,८०० न्यूटनच्या आसपास बल येत होतं. इतक्याने खिळा तुटत नाही. तो वाकतो, भोवतीचं लाकूड चेपतो, थोडा ढिला पडतो आणि आपल्या वाटचं बल आतल्या खिळ्याकडे ढकलतो. तोच तो टोकाचा एक मिलिमीटर. कोसळण्याचा धोकाही नव्हता. सगळे खिळे निकामी झाले असते तरी उभ्या फळ्यांवर ९ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास ताण आला असता आणि हा साग तेवढा पेलतो. मालकांना मी ते आधी सांगितलं, कारण खाली त्यांचं दुकान चालू होतं.

मिस्त्रींसाठी मी हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला आणि मला स्वतःला तोच जास्त आवडतो. भरलेल्या तुळईत वरची फळी मध्यात १५.८ किलोन्यूटनने दाबलेली असते. टोकाला तिच्यात काहीच बल नसतं. मग मधलं हे बल तिच्यात येतं कुठून? फक्त खिळ्यांतून. टोकापासून मध्यापर्यंतच्या खिळ्यांनी मिळून ते सगळं भरायचं. एकाचे ५०० धरले तर अर्ध्या लांबीत दोन्ही ओळी मिळून ३२ खिळे हवेत. मिस्त्रींनी मोजले, तीस होते. म्हणजे खिळ्यांत कंजुषी झाली नव्हती. पण त्या बलाचा पाऊण हिस्सा टोकाकडच्या पहिल्याच मीटरमध्ये भरावा लागतो, तिथे चोवीस लागत होते आणि त्या मीटरात होते जेमतेम नऊ. ते बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, “म्हणजे हे उलटं झालं न जी.”

दुरुस्ती त्यांनीच केली आणि चांगली केली. एकेक तुळई रिकामी करून खाली उतरवली. डोक्यावर हात करून खालच्या फळीत खिळे ठोकले की ते तिरके जातात, म्हणून माझा आग्रह होता की काम जमिनीवरच व्हावं. सरकलेल्या फळ्या टोकाला मोगरीने ठोकून परत रेषेत आणल्या. दोन्ही टोकांच्या पहिल्या मीटरला खिळ्यांचं अंतर ६० मिलिमीटर आणि मधल्या दोन मीटरला १२० चालेल, कारण टोकापासून एक मीटरवर शिअर निम्मा होतो आणि अंतर दुप्पट चालतं. मधे आधीचेच दाट होते, ते तसेच ठेवले. जिथे त्यांचा तीन इंची पट्टा संपत होता तिथून पहिल्या मीटरपर्यंतचा छोटा तुकडा तेवढा भरून काढला.

जुना साग सरळ खिळा घेत नाही, चिरतो. उभी फळी फक्त ४० जाड, त्यामुळे खिळ्याच्या दोन्ही बाजूंना वीसच मिलिमीटर लाकूड उरतं. म्हणून प्रत्येक खिळ्याला ३ मिलिमीटरचं भोक आधी पाडायचं ठरवलं आणि नवे खिळे जुन्यांच्या अगदी त्याच रेषेत न ठोकता खिळ्याच्या जाडीएवढे इकडे-तिकडे घेतले, नाहीतर एकाच रेशावर ओळीने भोकं पडून फळी उभी फाटते. मालकांनी विचारलं, सोबत गोंद लावला तर खिळे कमी चालतील का? मी नाही म्हटलं. गोंद कडक असतो, तो आधी सगळं बल घेतो आणि खिळे सरकल्याशिवाय कामाला लागत नाहीत. दोघांची ताकद बेरीज करून मोजता येत नाही. शिवाय या फळ्यांवर जुनं तेल आणि रंग होता, तिथे गोंदावर माझा विश्वास नव्हता.

पुन्हा तीच वीस पोती चढवली तेव्हा तुळई ५ मिलिमीटर वाकली. चारएक निघायला हवे होते असं कोणी म्हणेल, पण q = VQ/I हे सूत्र सांधा अजिबात सरकत नाही असं धरून चालतं. खिळ्याचा सांधा चांगला असला तरी थोडा देतोच. म्हणून खिळ्यांच्या तुळईचा वाक मोजताना मी पूर्ण I कधीच धरत नाही.

निघताना मालकांनी नवं काढलं. पोती वर चढवायला मधल्या तुळईच्या मधोमध चेनपुली टांगायची, ३०० किलोची. मिस्त्रींनी मी काही बोलायच्या आत विचारलं, “मग आता मधातही खिळे लागतील का?” लागतील. मध्यात टांगलेल्या भाराचा शिअर टोकापासून मध्यापर्यंत सारखाच राहतो, कमी होत जात नाही. इथे दोन्हीकडे दीड किलोन्यूटन. तो पोत्यांच्या शिअरमध्ये मिळवला की टोकाला साडेसहा होतात आणि अंतर ४८ येतं. त्या एका तुळईला टोकाच्या मीटरला ४५ आणि मधल्या दोन मीटरला ७५, असं मी लिहून दिलं. मधे त्यांचे तीन इंचांचे खिळे होतेच, पुढच्या तुकड्यात तेवढेच दाट घालायचे. आणि आकडा खालच्या फळीत अडकवायचा नाही हेही लिहिलं. तसं केलं तर भार खालच्या फळीला ओढेल आणि खिळे आडवे सरकण्याऐवजी उपसले जातील. त्या कामाला खिळा फार कच्चा. लोखंडी पट्टी पेटीच्या वरून घालून दोन्ही बाजूंनी खाली आणायची आणि पुली तिला टांगायची.