आजोबा आता जाणार

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली होती. वय वर्षं दहा. दुपारी चिवड्याचा डबा मध्ये ठेवून आम्ही दोघं पहिला ‘स्टार वॉर्स’ बघत बसलो होतो, १९७७ चा. वाळवंटातल्या त्या घरात पांढऱ्या दाढीचा ओबी-वान केनोबी पेटी उघडतो, आतून प्रकाशाची तलवार काढतो आणि ‘ही तुझ्या वडिलांची’ म्हणून पोरसवदा ल्यूकच्या हातात ठेवतो. सिनेमा सुरू होऊन जेमतेम अर्धा तास झाला असेल.

“मामा, हे आजोबा मरणार बघ,” चिवड्यातले शेंगदाणे तेवढे वेचता वेचता ती म्हणाली.

“कशावरून?”

“तलवार देऊन टाकली ना! आता त्यांना काम काय राहिलं?”

मी तिला गप्प बसवलं, कारण आजोबा खरंच मरतात आणि मला तिची मजा घालवायची नव्हती. पण तिचं वाक्य डोक्यात राहिलं. सिनेमाच्या दिग्दर्शकालाही अगदी हीच अडचण पडली होती, आणि तीही चित्रीकरण सुरू झाल्यानंतर.

आधीच्या पटकथेत केनोबी मरत नव्हता. शत्रूच्या अंतराळतळावर त्याची डार्थ व्हेडरशी तलवारबाजी व्हायची, तो निसटून बाकीच्यांना येऊन मिळायचा आणि सगळे सुखरूप पळायचे. कागदावर हे ठीक वाटत असणार. पण जॉर्ज लुकसच्या लक्षात आलं की सिनेमाचा दोन-तृतीयांश भाग संपता संपता एक मोठा प्रसंग येतोय आणि त्यातून निष्पन्न काहीच होत नाही. नायक मंडळी शत्रूच्या घरात घुसतात, धुडगूस घालतात आणि कोणाला खरचटल्याशिवाय बाहेर पडतात. मग तो काळ्या मुखवट्याचा खलनायक भीतिदायक कसा वाटायचा? आणि दुसरं म्हणजे, तिथून सुटल्यावर या म्हाताऱ्याला करायला काही उरतच नाही. शेवटची लढाई लहान विमानांची. त्या वेळी हा गडी तळावर हाताची घडी घालून उभा. ‘याला मारूनच टाक ना,’ असं लुकसला सुचवलं त्याच्या तेव्हाच्या पत्नीनं, संकलक मार्शा लुकसनं. अॅलेक गिनेससारख्या मोठ्या नटाला, तुमची भूमिका आता मध्येच संपणार, हे सांगायची वेळ आली. ते नाराज झाले, त्यांची समजूत काढावी लागली. पुढं त्या सिनेमातल्या अभिनयासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं ते एकट्या त्यांनाच.

म्हणजे गुरूचं मरण हे पुष्कळदा असं येतं. आपण समजतो, लेखकानं आपल्याला रडवायला मारलं. लेखकाच्या टेबलावरचं दुखणं मात्र निराळंच असतं. गुरूला नायकापेक्षा जास्त कळतं आणि त्याच्या हातात जास्त बळ असतं. असा माणूस शेजारी उभा असताना संकट आलं, तर त्या पोरानं पुढं का व्हायचं? वाचक तोंडानं बोलत नाही, पण मनात म्हणतोच, ‘अहो, त्या आजोबांना सांगा की!’ हा प्रश्न एकदा मनात आला की गोष्टीतली हवा गेली.

त्या मरणाचा प्रसंग मी नंतर पुन्हा एकट्यानं पाहिला. ल्यूक यानाकडं धावत असतो, थबकतो आणि लांबून त्याला ती लढत दिसते. केनोबीचंही लक्ष त्याच्याकडं जातं. म्हातारा किंचित हसतो, तलवार उभी धरतो आणि लढायचं थांबतो. व्हेडर वार करतो आणि खाली पडतो तो नुसता झगा. व्हेडर बुटाच्या टोकानं तो झगा चाचपून बघतो. हे मला फार आवडतं. जिंकलेल्याला आपण नेमकं काय जिंकलं ते कळलेलं नाही.

मग यानात ल्यूक सुन्न होऊन बसतो. त्याच्या खांद्यांवर कोणीतरी पांघरूण टाकतं. पण जेमतेम दुःखाला सुरुवात होते तोच ‘चल ऊठ, तोफेवर बस’ अशी हाक येते, कारण मागं शत्रूची विमानं लागलेली आहेत. सुतकाला सवड नाही. सकाळपर्यंत ‘मी काय करू?’ विचारणारा पोरगा संध्याकाळी तोफेवर बसून नेम धरतो. मेलेल्या गुरूची जागा कोणी त्याला दिलेली नाही, ती नुसती रिकामी झाली आहे.

खरी गंमत त्यानंतर आहे. आधी यानात केनोबीनं ल्यूकला एक धडा दिलेला असतो. डोळे पूर्ण झाकणारं शिरस्त्राण घालायचं आणि हवेत तरंगणाऱ्या एका गोळ्याचे मारे न बघता तलवारीनं अडवायचे. पोरगा आधी कुरकुरतो, मग त्याला ते जमतं. तेव्हा तो खेळ असतो. चुकलं तर चटका बसेल, एवढंच. शेवटच्या लढाईत तो एका अरुंद खंदकातून विमान नेतोय, समोर नेम धरून देणारं यंत्र आहे, आणि त्याला केनोबीचा आवाज ऐकू येतो. तो यंत्र बंद करतो. तळावरचे लोक घाबरतात, काय झालं म्हणून विचारतात. तो म्हणतो, काही नाही, मी ठीक आहे.

आता इथं जुनी पटकथा लावून बघा. केनोबी जिवंत आहे, तळावर उभा आहे आणि बिनतारी यंत्रावरून तेच शब्द सांगतोय. यंत्र बंद कर, मनावर विसंब. शब्द तेच, पण ल्यूक हुकूम पाळतोय. नेम चुकला तर म्हाताऱ्याचा चुकला, लागला तर म्हाताऱ्याचा लागला. मेलेल्या माणसाचा आवाज ऐकायचा की नाही हे मात्र ऐकणाऱ्यानंच ठरवायचं असतं, आणि चूक झाली तर ‘त्यांनी सांगितलं होतं’ म्हणायची सोय नसते. घशात आवंढा आणणारं मरण वगैरे सगळं खरं, पण पटकथेच्या दृष्टीनं ते मरण एवढ्यासाठी की ते बटण पोराच्या बोटानं दाबलं जावं.

तरी हा एकच उपाय नाही. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी गुरू न मारताही ही अडचण सोडवली आहे, आणि मला तर त्यांची कारागिरी जास्त चलाख वाटते. विश्वामित्र रामाला त्राटिकेशी लढायला लावतात, अस्त्रं देतात, मिथिलेला नेतात, चौघा भावांची लग्नं लागतात आणि दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन उत्तरेच्या पर्वताकडं निघून जातात. सुतक नाही, शोक नाही. वनवासाच्या वेळी त्यांना बोलवायचं कोणाला सुचतही नाही.

कृष्णाचं प्रकरण तर त्याहून अवघड. तो एकटा युद्ध संपवू शकतो, आणि त्याला अठरा दिवस रणांगणाच्या मधोमध ठेवायचाय. मग युद्धाआधीच अट घातली जाते: मी शस्त्र धरणार नाही. घोड्यांचे लगाम हातात, तोंडानं हवं तेवढं बोलणार, बाण अर्जुनानं सोडायचे. भीष्मांपुढं अर्जुनाचा हात ढिला पडतो तेव्हा कृष्ण रथातून उडी टाकून धावतो, आणि अर्जुन त्याला मागं ओढत रथात आणतो. म्हणजे गुरूचा तोल जातो आणि गोष्टीचा नियम शिष्य सांभाळतो. अट मोडली असती तर महाभारत तिथंच कृष्णाची गोष्ट झालं असतं.

पण या उपायाची किंमतही व्यासांनी लपवलेली नाही. मौसलपर्वात कृष्ण जातो तेव्हा गोष्टीचा मध्य केव्हाच उलटून गेलेला असतो. अर्जुन द्वारकेतल्या बायकामुलांना घेऊन निघतो, वाटेत आभीर लुटारू लाठ्याकाठ्या घेऊन तुटून पडतात. ज्यानं भीष्म-कर्णांना झेललं तो अर्जुन गांडीवाला दोरी चढवायलाही मेटाकुटीला येतो. अस्त्रं आठवत नाहीत. कधीही न संपणारे भाते संपतात. शेवटी तो धनुष्याच्या टोकानं लोकांना बडवत बसतो आणि डोळ्यांदेखत बायका पळवून नेल्या जातात. व्यास त्याला नंतर सांगतात की अस्त्रांचं काम संपलं होतं, काळ फिरला. मान्य. तरी वाचताना मला दरवेळी वाटतं, हा माणूस साऱ्या युद्धात एकदाही कृष्णावाचून उभा राहिला नव्हता, आणि हे त्याला त्या रस्त्यावर कळलं. ल्यूकचा म्हातारा वेळेवर गेला. अर्जुनाचा फार उशिरा.

आणि वेळेआधी गेला तर? तेही महाभारतात आहेच. युद्धाच्या तेराव्या दिवशी संशप्तक योद्ध्यांनी अर्जुनाला दुसरीकडं गुंतवून ठेवलं आणि चक्रव्यूहात शिरायचं तेवढं माहीत असलेला अभिमन्यू आत गेला. शिकवणारा मेला नव्हता, नुसता हाकेच्या अंतरावर नव्हता. अर्ध्या धड्यावर गुरू गेला की नायक मोठा होत नाही, आत अडकतो.

आमच्या सोसायटीत असे एक काका आहेत. पाण्याच्या कोणत्या व्हॉल्व्हनं कोणत्या विंगचं पाणी बंद होतं हे बावीस वर्षं त्यांना एकट्यांना ठाऊक. खुणेसाठी त्यांनी व्हॉल्व्हना चिंध्या बांधल्या आहेत, एकाला लाल, एकाला हिरवी, एकाला जुन्या साडीची किनार. टाकी भरून वाहायला लागली की कोणीही जिन्यातून ‘काकाऽ’ अशी हाक मारायचा आणि आपल्या घरी जाऊन बसायचा. मीही. त्यांनी दोनदा मला बोलावून दाखवलंही होतं. मी ‘हो हो’ म्हणालो आणि फोन बघत राहिलो. काका आहेत, मग चिंध्या कशाला पाठ करायच्या?

भाची परत गेली त्याच आठवड्यात काका मुलीकडं नागपूरला गेले. दोन महिन्यांसाठी, धडधाकट, टाटा करून. तिसऱ्या रात्री साडेअकराला गच्चीवरून पाण्याचा धबधबा सुरू झाला. फोन लावला तर बंद. टॉर्च घेऊन मी एकटाच वर गेलो. उन्हापावसानं लाल चिंधी आणि हिरवी चिंधी दोन्ही सारख्याच मातकट झालेल्या. साडीची किनार तेवढी ओळखू येत होती, पण ती कशाची हे आठवेना. शेवटी मनाशी काहीतरी ठरवून मी मधला व्हॉल्व्ह दोन्ही हातांनी आवळला.

धबधबा चालूच राहिला. खालून बी विंगमधल्या आजींचा आवाज आला, “पाणी कोणी घालवलं रे मेल्यांनो?”