कंबरदुखीसाठी खुर्ची, मॉनिटर स्टँड आणि मधली विश्रांती: मॅनेजरला लिहिलेल्या पत्राचा अनुभव

अशा पत्रात तीन मागण्या असल्या तरी त्या मंजूर करणारा माणूस एकच नसतो. खुर्ची आणि स्टँड ॲडमिनच्या खर्चात येतात, मॅनेजर फक्त शिफारस करतो. मधली विश्रांती मात्र बहुतेक ठिकाणी त्याच्याच हातात असते. म्हणून मी पत्र मॅनेजरच्या नावे लिहिलं, पण प्रत्येक मागणीला वेगळा परिच्छेद दिला. खुर्चीचा परिच्छेद ॲडमिनला जसाच्या तसा पुढे पाठवता येतो, आणि खरेदी रखडली तरी विश्रांती अडत नाही.

लिहिण्याआधी टेप घेऊन मापं काढावीत. नुसतं ‘चांगली खुर्ची द्यावी’ लिहिलं की उंच पाठीची, गुबगुबीत ‘साहेबी’ खुर्ची येते. तिची बैठक खोल असते, त्यामुळे बुटक्या माणसाची पाठ टेकतच नाही. पाठ टेकल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागची खाच यांत दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे.

माझी उंची ५ फूट २ इंच. पाय जमिनीवर सपाट टेकतात तेव्हा बैठक ४२ सेंमीवर असते आणि कोपर जमिनीपासून ६५ सेंमीवर. टेबल मात्र ७४ सेंमीचं, म्हणजे कोपरापेक्षा ९ सेंमी उंच. त्यावर टाइप करताना खांदे उचलले जातात, माणूस पुढे झुकतो आणि पाठीचा टेका सुटतो. टेबल खाली येत नाही, म्हणून खुर्ची ९ सेंमी वर, ५१ वर न्यायची. आता पाय लोंबकळतात, तेव्हा तेवढ्याच उंचीचा पायटेका हवा. तो मागायचा बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही, आणि मग नवी खुर्चीही आठवडाभरात पुन्हा खाली केली जाते.

स्टँडचं माप शेवटी, खुर्ची वर केल्यावरच घ्यावं. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली हवी. माझ्या मॉनिटरची कड टेबलापासून ४० सेंमीवर होती. जुन्या बैठकीत डोळे ३८ वर, म्हणजे स्टँडची गरजच दिसत नव्हती. खुर्ची वर गेल्यावर डोळे ४७ वर आले आणि सुमारे ७ सेंमीचा स्टँड लागला. प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर स्क्रीन याहून खालीच ठेवावी, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून वाचायला हनुवटी वर करावी लागते आणि मान धरते. लॅपटॉप स्टँडवर ठेवणार असाल तर वेगळा कीबोर्ड आणि माउस त्याच पत्रात मागा. ते नसतील तर हात उंचावर जातात.

डॉक्टरांच्या चिठ्ठीत आजाराच्या नावापेक्षा काय करू नये ते लिहून घेतलेलं उपयोगी पडतं: ‘सलग ४५ मिनिटांपेक्षा जास्त बसू नये, कमरेला आधार असलेली खुर्ची वापरावी.’ एमआरआयचा रिपोर्ट जोडण्याची गरज नसते.

पत्राचा गाभा असा होता:

‘सर, कंबरदुखी वारंवार उद्भवत असल्याने डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी सोबत जोडली आहे. विनंती अशी:

खुर्ची: बैठक ४२ ते ५२ सेंमी वर-खाली होणारी, कमरेचा आधार आणि हात सरकवता येणारी. सोबत ९ सेंमीचा पायटेका.

मॉनिटर स्टँड: उंची ७ सेंमी.

विश्रांती: दर ४५ मिनिटांनी ३ मिनिटं उभं राहून चालणे. जेवण आणि दोन चहाच्या वेळा यातच धरल्या आहेत. त्या वगळता दिवसाला साधारण २० मिनिटं होतात. मीटिंग चालू असल्यास मी मागे उभं राहीन. सहा आठवड्यांनी आढावा घ्यावा.’

विश्रांतीचा हिशेब मांडणं महत्त्वाचं. ‘अधूनमधून ब्रेक’ म्हटलं की मॅनेजरला तासभर खुर्ची रिकामी दिसू लागते. २० मिनिटं आणि आढाव्याची मुदत दिसली की नाही म्हणणं अवघड जातं. तोंडी होकार मिळाला तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यानुसार’ अशी एका ओळीची मेल टाकावी, कारण मॅनेजर बदलतात.

ॲडमिनकडून ‘पुढच्या तिमाहीत बघू’ असं उत्तर येणं ठरलेलंच. तेव्हा पायटेका आणि स्टँड लगेच मागावेत, ते किरकोळ खर्चात बसतात. आणि ऑफिसात पडून असलेल्या खुर्च्यांपैकी मापात बसणारी एखादी तात्पुरती मागावी. नवी खुर्ची आली की पोच देण्याआधी स्वतःच्या टेबलाशी लावून बघा. खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला आपटत असतील तर खुर्ची आत सरकत नाही आणि पुन्हा पुढे वाकूनच काम होतं. हात टेबलाखाली जाण्याइतके उतरत नसतील तर ती परत करा, किंवा हात काढून द्यायला सांगा. बऱ्याच खुर्च्यांचे हात बैठकीखालच्या बोल्टवर बसवलेले असतात.